सत्र चुकलं तरी वेळापत्रक मोडू नये म्हणून: नवशिक्यासाठी आठ आठवड्यांची आखणी

जिममध्ये नाव घातलं की पहिल्याच दिवशी हातात एक कागद पडतो. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी हात. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ जा किंवा सांगलीत विश्रामबागला, कागद बहुतेक हाच असतो. शरीर आधीच कमावलेलं असेल, तर या पद्धतीत वावगं काही नाही. नवख्या माणसासाठी मात्र तिच्यात एक मोठी अडचण आहे. गुरुवारी ओव्हरटाइम लागला, घरी पाहुणे आले, एसटी उशिरा आली, की पायांचा व्यायाम गेला. पुढचा गुरुवार येईपर्यंत पायांची गाठ पडते ती थेट 14 दिवसांनी. तेवढ्यात शरीराची पहिली सवय सैल पडते आणि परत मांड्या भरून येतात. दोन-तीनदा असं झालं की माणूस जिम सोडतो, आणि दोष स्वतःच्या आळसाला देतो.

दुसरं टोक तालमीकडून येतं. रोज जोर, रोज बैठका, सुट्टी नाही. पैलवान हे करतात, पण त्यांनी लहानपणापासून आकडा हळूहळू चढवलेला असतो आणि खुराक, मालिश, दुपारची झोप हे सगळं त्याच्या जोडीला असतं. आठ तास खुर्चीवर बसून किंवा मशीनपुढे उभं राहून आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी दीडशे बैठका मारल्या, तर त्याला चार दिवस जिना उतरता येत नाही.

म्हणून इथे दिलेली आखणी एकाच गोष्टीभोवती बांधली आहे: एखादं सत्र हमखास चुकणार आहे, हे गृहीत धरायचं. आठवड्यात तीन सत्रं ठेवायची आणि प्रत्येक सत्रात सगळ्या अंगाला काम द्यायचं. एक सत्र गेलं, तरी त्या आठवड्यात कुठलाच स्नायू पूर्ण उपाशी राहत नाही. नवखा माणूस हलकं वजन उचलतो, त्यामुळे स्नायू साधारण 48 तासांत पुन्हा कामाला तयार होतात. एक दिवस व्यायाम, एक दिवस मोकळा, ही लय त्यातूनच आली आहे.

सुरू करण्याआधी एक अट आहे. रक्तदाब, हृदयविकार, मधुमेह, जुनं कंबरेचं किंवा गुडघ्याचं दुखणं असेल, अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गरोदरपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाटून येत असेल, तर ते तपासल्याशिवाय वजनाला हात लावू नका.

दोन सत्रं, आळीपाळीने

सत्रं दोनच आहेत, अ आणि ब. पहिल्या आठवड्यात सोमवारी अ, बुधवारी ब, शुक्रवारी अ. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी ब, बुधवारी अ, शुक्रवारी ब. वार महत्त्वाचा नाही, क्रम महत्त्वाचा आहे. वहीत शेवटचं सत्र अ लिहिलं असेल तर पुढचं ब, मग त्या दिवशी कुठलाही वार असो. चुकलेल्या दिवसांचा नियम पुढे याच क्रमावर उभा राहणार आहे, म्हणून हे पहिल्या दिवसापासून पाळा.

प्रत्येक सत्राआधी पाच-सात मिनिटं अंग गरम करायचं. जागेवर चालणं, हात गोल फिरवणं, वजन न घेता दहा सावकाश बैठका, भिंतीवर हात टेकून दहा जोर. साताऱ्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे व्यायाम करत असाल, तर यालाच दहा मिनिटं द्या. सगळं धरून सत्र 40 ते 45 मिनिटांत संपलं पाहिजे. दीड तास लागत असेल, तर मधला बराच वेळ मोबाइलमध्ये जातो आहे.

सत्र अ मध्ये चार हालचाली आहेत: छातीशी वजन धरून बैठक, जोर, एका हाताने डंबेल ओढणं, आणि प्लँक.

बैठक नीट समजून घ्या, कारण सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. एक डंबेल उभा धरून दोन्ही तळव्यांनी छातीशी घट्ट लावायचा. घरी करणार असाल, तर पाठीवरच्या सॅकमध्ये तांदळाची किंवा ज्वारीची पिशवी घालून ती सॅक छातीशी कवटाळा. वजन किती झालं ते किराणा दुकानाच्या काट्यावर एकदा बघून ठेवा. मागे एक स्टूल किंवा खुर्ची ठेवा. पाय खांद्याएवढे लांब, बोटं थोडी बाहेरच्या बाजूला. तीन आकडे मोजत खाली जा, स्टुलाला हलकं टेका, पण बूड टेकून सैल बसू नका, आणि उठा. गुडघे पायाच्या बोटांच्या दिशेनेच गेले पाहिजेत. उठताना गुडघे एकमेकांकडे झुकत असतील, तर वजन जास्त आहे. टाचा उचलल्या जात असतील, तर तुम्ही तुमच्या घोट्याला जमतं त्यापेक्षा खाली जाता आहात. स्टुलावर एक उशी ठेवून उंची वाढवा. महिना-दीड महिन्याने उशी आपोआप नको होते.

जोराचं तंत्र सोपं आहे, पण सुरुवातीची पातळी चुकते. जमिनीवर नीट आठ जोर निघत नसतील, तर जमिनीवर करूच नका. स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा जिममधल्या बाकाच्या कडेवर हात ठेवून करा. हात जितक्या उंचावर, तितका भार कमी. ओट्यावर 12 चे तीन सेट, म्हणजे मध्ये थांबत तीनदा सलग 12 जोर, निघाले की पलंगाच्या कडेवर, मग जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर, मग जमिनीवर. कोपरं खांद्याच्या रेषेत सरळ बाहेर न काढता तिरकी, अंगाकडे थोडी वळलेली ठेवा, नाहीतर खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचायला लागतं. कंबर खाली झोल घेते आहे का, हे कुणाला तरी बाजूने बघायला सांगा किंवा मोबाइल टेकवून व्हिडिओ काढा. इथे तालमीतला जोर नको. त्यात अंग खालून पुढे सरकवून वर काढायचं असतं आणि नवख्याच्या खांद्याला व कंबरेला ते जड जातं.

ओढण्याच्या व्यायामात एक हात आणि त्याच बाजूचा गुडघा बाकावर टेकायचा, पाठ टेबलासारखी आडवी ठेवायची आणि दुसऱ्या हाताने डंबेल उचलायचा. तो छातीकडे न नेता पँटच्या खिशाकडे न्या. छातीकडे नेला की सगळं काम मानेवर आणि खांद्यावर येतं. घरी पाच लिटरचा तेलाचा डबा पाण्याने भरला की पाच किलोचं वजन झालं.

प्लँक म्हणजे पालथं होऊन कोपरांवर आणि पायाच्या बोटांवर अंग फळीसारखं सरळ धरून ठेवणं. तो 20 सेकंदांपासून सुरू करा. कंबरेत दुखायला लागलं की वेळ संपली समजा, मग घड्याळ काही म्हणो. 40 सेकंद सहज जमले की पुढे वेळ वाढवत बसण्यात फारसं हशील नाही.

सत्र ब मध्येही चारच हालचाली: कंबरेतून वाकून वजन उचलणं, डोक्यावर वजन ढकलणं, पायरी चढणं, आणि बादल्या घेऊन चालणं.

पहिल्या हालचालीला जिममध्ये रोमानियन डेडलिफ्ट म्हणतात. ती शिकायला भिंत लागते. भिंतीकडे पाठ करून, एक पाऊलभर अंतर सोडून उभे राहा. गुडघे किंचित सैल ठेवून बूड मागे ढकला, जणू हात मोकळे नाहीत म्हणून दार बुडाने लावता आहात. बूड भिंतीला टेकलं की थांबा आणि परत सरळ व्हा. पाठ आधी होती तशीच सपाट राहते, फक्त मांडी धडाला जुळते त्या खुब्याच्या सांध्यातून घडी पडते. हे दहा वेळा जमलं की दोन्ही हातांत डंबेल घ्या आणि ते मांडीला घासत गुडघ्याच्या थोडं खाली न्या. मांडीच्या मागच्या बाजूला ताण आला, तर हालचाल बरोबर आहे. ताण फक्त कंबरेत जाणवला, तर पाठ वाकते आहे किंवा डंबेल अंगापासून लांब जातो आहे. अशा वेळी वजन खाली ठेवून परत भिंतीकडे जा. आपल्याकडे सिमेंटचं पोतं उचलताना किंवा सिलिंडर सरकवताना कंबर धरते ती याच हालचालीच्या अभावी, त्यामुळे या एका व्यायामाला घाई करू नका.

डोक्यावर डंबेल ढकलताना छाती पुढे काढून मागे झुकायचा मोह होतो. तो टाळायला बाकावर न बसता उभे राहून करा आणि बुडाचे स्नायू आवळून ठेवा. पायरी चढण्यासाठी गुडघ्यापेक्षा खाली असणारी, न हलणारी पायरी घ्या. एकाच पायाने आठ वेळा चढा, मग दुसरा पाय. खालच्या पायाने उडी मारून वर येत असाल, तर पायरी उंच आहे.

बादल्यांचा व्यायाम कुणालाही, कुठेही जमतो. दोन बादल्यांत दहा-दहा लिटर पाणी भरा, म्हणजे प्रत्येक हातात दहा किलो आणि वर बादलीचं वजन. कडी बोटांत रुतते, तिला फडकं गुंडाळा. ताठ उभे राहून 30 पावलं चाला, ठेवा, श्वास घ्या, पुन्हा. पाणी हिंदकळून सांडत असेल, तर तुमचं अंग डुलतं आहे, हे सांगायला वेगळा प्रशिक्षक लागत नाही. जिममध्ये हेच जड डंबेल घेऊन करा.

किती वजन, किती वेळा

पहिले दोन आठवडे प्रत्येक हालचालीचे दोनच सेट, प्रत्येकी आठ ते दहा वेळा. तिसऱ्या आठवड्यापासून तीन सेट. दोन सेटच्या मध्ये दीड ते दोन मिनिटं थांबा.

वजन असं निवडा की सेट संपताना आणखी दोन वेळा नीट उचलता आलं असतं. हे ओळखायचं कसं? वर जाण्याचा वेग बघा. पहिल्या आठ वेळा एकाच वेगाने होतात आणि नववी एकदम संथ होते, श्वास अडकतो, तोंड वेडंवाकडं होतं. ती नववी वेळ म्हणजे तुम्ही शेवटच्या टोकाला आलात. तिच्या आधीच, दोन वेळा शिल्लक असताना थांबायचं होतं. नवख्या माणसाने टोकापर्यंत गेल्याने फायदा फार वाढत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं दुखणं मात्र चांगलंच वाढतं, आणि पुढचं सत्र बुडतं ते त्यामुळे.

वाढवण्याचा नियम एकच. आठ वेळांपासून सुरू करा आणि जमेल तशी एकेक वेळ वाढवत 12 पर्यंत जा. तिन्ही सेट 12 चे झाले आणि शेवटी दोन वेळा शिल्लक वाटल्या, की पुढच्या वेळी डंबेल अडीच किलोने वाढवा आणि परत आठवर या. घरच्या सॅकमध्ये एक ते दोन किलो धान्य टाका. प्लँकला आणि बादल्यांना हा आकडा लागू नाही, तिथे सेकंद आणि पावलं मोजा.

वही ठेवा. तारीख, अ की ब, वजन, प्रत्येक सेटमधल्या वेळा, एवढंच. मोबाइलमधली नोंदही चालेल, पण कागदाची वही जिमच्या पिशवीत राहते आणि मागच्या वेळी काय केलं हे चटकन दिसतं. वहीशिवाय चुकलेल्या सत्राचा नियम पाळताच येत नाही.

मोकळे दिवस आणि अजिंक्यतारा

मोकळ्या दिवशी स्नायू दुरुस्त होतात, म्हणून तो दिवसही आखणीचाच भाग आहे. त्या दिवशी 20 ते 30 मिनिटं सपाट रस्त्यावर चाला. बोलता बोलता चालता आलं पाहिजे, एवढाच वेग. साताऱ्यात शाहू स्टेडियमचं मैदान, सांगलीत कृष्णेचा काठ, यासाठी उत्तम.

सातारकरांची गफलत होते ती अजिंक्यताऱ्यावर. मोकळा दिवस म्हणून पहाटे किल्ला चढून यायचं, ही इथली जुनी आणि चांगली सवय आहे, पण नवख्याच्या पायांना ती विश्रांती नाही. त्यातही त्रास चढण्याचा कमी आणि उतरण्याचा जास्त असतो. चढताना दम लागतो, स्नायू मात्र आखडत काम करतात. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू अंगाचं वजन पेलत पेलत लांबतो, आणि सवय नसताना स्नायूला सगळ्यात जास्त दुखापत याच प्रकारच्या कामाने होते. म्हणूनच वर पोचेपर्यंत काहीच वाटत नाही आणि दुसऱ्या दिवशी जिन्यावरून उतरताना कठडा धरावा लागतो. यवतेश्वरच्या घाटातून पायी उतरतानाही हेच होतं.

हे दुखणं साधारण 24 ते 72 तासांत टोकाला जातं. म्हणजे रविवारी सकाळी किल्ला केलात, तर सोमवार-मंगळवारी मांड्या धरलेल्या असतात आणि सोमवारच्या बैठका बिघडतात. त्यामुळे किल्ला शनिवारी ठेवा आणि रविवार पूर्ण रिकामा सोडा. पहिला महिना सावकाश चढा आणि उतरताना पायवाटेची खडी उतरण टाळून गाडीरस्त्याने या, किंवा कुणाच्या तरी दुचाकीवर बसून या. महिन्यानंतर पायांना सवय होते आणि हा हिशेब लागत नाही.

भरून आलेल्या स्नायूंचं दुखणं आणि इजेचं दुखणं यात फरक करायला शिका. दोन्ही मांड्या सारख्याच, पसरट, दाबल्यावर दुखतात आणि थोडं चालल्यावर मोकळ्या होतात, हे नेहमीचं. यात पुढचं सत्र हलक्या वजनाने करता येतं. एकाच सांध्यात, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखणं, सूज, किंवा हालचाल करताना कळ, हे नेहमीचं नाही. तो व्यायाम थांबवा आणि आठवडाभरात उतार नसेल तर दाखवून घ्या. आणि एक लक्षण कधीही अंगावर काढू नका: सवय नसताना फार जास्त व्यायाम झाल्यावर स्नायू प्रचंड सुजले आणि लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. मोडलेल्या स्नायूंतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करू शकतात.

जेवणाबद्दल थोडक्यात. सकाळी दोन अंडी किंवा वाटीभर मोड आलेली मटकी, दोन्ही जेवणांत भाकरीसोबत घट्ट डाळ किंवा उसळ, रात्री पेलाभर दूध. बहुतेकांच्या ताटात प्रथिनं कमी पडतात, ती एवढ्याने बऱ्यापैकी भरून निघतात. पावडरचा डबा पहिल्या आठ आठवड्यांत विकत घेण्याचं कारण नाही. सात-आठ तासांची झोप मात्र कशानेच भरून निघत नाही.

चुकलेल्या सत्राचा नियम

पहिली गोष्ट: चुकलेलं सत्र गळत नाही, पुढे सरकतं. बुधवारी ब होतं आणि बुधवार गेला, तर गुरुवारी ब. गुरुवारही गेला तर शुक्रवारी ब. अ वर उडी मारायची नाही, कारण तसं केलं की ब मधली कंबरेची आणि खांद्याची कामं कायमची मागे पडतात. माणसाला जे सत्र आवडत नाही, नेमकं तेच चुकतं, हे कुठल्याही जिममध्ये दिसतं.

दुसरी: दोन सत्रांत एक पूर्ण मोकळा दिवस हवाच. बुधवारचं सत्र गुरुवारी झालं, तर शुक्रवारचं शनिवारी जातं, आणि त्या आठवड्यात किल्ला नाही. बुधवारचं शुक्रवारी झालं, तर त्या आठवड्यात दोनच सत्रं होतील. होऊ द्या. रविवारी गाठून तिसरं बसवू नका, कारण मग सोमवारी थकलेलं अंग घेऊन जाल किंवा सोमवार सोडाल.

तिसरी: भरपाई नाही. दोन सत्रं एका दिवशी नाहीत, जास्तीचे सेट नाहीत. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. चुकल्याची टोचणी असते, म्हणून शनिवारी अ आणि ब एकत्र उरकले जातात. आठ हालचालींचे 24 सेट एका दमात होतात, शेवटचे दहा-बारा सेट घसरलेल्या पाठीने होतात, आणि पुढचे चार दिवस दुखण्यात जातात. एक सत्र वाचवायला जाऊन दोन बुडाली.

चौथी: वेळच नसेल, तर लहान सत्र करा. त्या दिवसाच्या पहिल्या दोन हालचाली, प्रत्येकी दोन सेट, 15 मिनिटं. वहीत ते पूर्ण सत्र म्हणून लिहा आणि क्रम पुढे न्या. फक्त ज्या हालचाली राहिल्या, त्यांचं वजन पुढच्या वेळी वाढवू नका. मासिक पाळीच्या दिवसांत त्रास होत असेल किंवा सलग कामाने अंग मोडून आलं असेल, तेव्हाही हेच लहान सत्र उपयोगी पडतं.

मोठा खंड पडला, तर वहीतल्या शेवटच्या सत्रापासून किती दिवस झाले ते मोजा. सात दिवसांपर्यंत काहीच बदलत नाही, तेच वजन घ्या, फक्त त्या दिवशी वाढवू नका. आठ ते 14 दिवस झाले असतील, तर अ आणि ब दोन्ही एकेकदा दहा टक्के कमी वजनाने आणि एक सेट कमी करून करा, मग पूर्ववत. डंबेलमध्ये एवढा बारीक फरक मिळत नसेल, तर वजन तेच ठेवून वेळा आठवर आणा. दोन ते चार आठवड्यांचा खंड असेल, तर पूर्ण एक आठवडा पाव भाग वजन कमी आणि दोनच सेट. त्याहून जास्त असेल, तर पहिल्या आठवड्यापासून सुरू करा. दुसऱ्यांदा वर चढणं पहिल्यापेक्षा बरंच लवकर होतं.

ताकद खरं तर दोन-तीन आठवड्यांत फारशी जात नाही. मग वजन कमी का करायचं? कारण स्नायूला दुखण्यापासून वाचवणारी जी सवय लागलेली असते, ती सैल पडते. अंग उचलेल, पण दुसऱ्या दिवशी धरेल. पहिलं सत्र हलकं ठेवलं की हे टळतं.

ताप असेल तर व्यायाम नाही, लहान सत्रही नाही. ताप उतरून रोजची कामं दिवसभर न थकता करता आली, की त्याच्या पुढच्या दिवशी सुरू करा. डेंगी किंवा चिकुनगुनिया झाला असेल, तर डॉक्टरांनी हो म्हटल्यावरच.

एक उदाहरण, वहीतल्या नोंदींसह

समजा, साताऱ्याच्या एमआयडीसीत पाळ्यांमध्ये काम करणारा 26 वर्षांचा तरुण आहे. बैठकेला त्याने साडेसात किलोचा डंबेल निवडला.

पहिला आठवडा सरळ गेला: अ, ब, अ. बैठकेचे दोन सेट, सोमवारी आठ-आठ, शुक्रवारी नऊ-नऊ. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी ब झालं. बुधवारी जोडीदार आला नाही म्हणून डबल ड्यूटी लागली. अ गुरुवारी झालं, बैठकेच्या दहा-दहा वेळा, आणि ब शनिवारी. तिन्ही सत्रं बसली, किल्ला राहिला.

तिसऱ्या आठवड्यात रात्रपाळी. सोमवारी संध्याकाळी कामावर जाण्याआधी अ केलं आणि बैठकेचा तिसरा सेट सुरू झाला, दहा-दहा-दहा. बुधवार आणि गुरुवार दिवसा झोप न झाल्यामुळे गेले. शुक्रवारी ब झालं, तेही लहान, 15 मिनिटांचं. आठवड्यात दोनच सत्रं. त्याने रविवारी तिसरं बसवलं नाही, हे बरोबर केलं.

चौथ्या आठवड्यात अ, ब, अ. बैठका सोमवारी 11 चे तीन सेट, शुक्रवारी 12 चे तीन. नियमाप्रमाणे पुढच्या वेळी दहा किलो घ्यायचे होते. पण पाचव्या आठवड्यात गावची जत्रा, पाठोपाठ सर्दी-ताप, अख्खा आठवडा कोरा. सहाव्या सोमवारी तो परत आला, तेव्हा शेवटच्या सत्राला दहा दिवस झाले होते. शेवटचं अ होतं, म्हणून आज ब, दोन सेट, हलक्या वजनाने. बुधवारी अ. इथे मन म्हणतं की दहा किलो तर मिळवले होते. त्याने ते उचलले नाहीत, साडेसात किलोच्याच आठ-आठ बैठका केल्या. शुक्रवारी ब पूर्ववत. सातव्या सोमवारी साडेसात किलोचे 12 चे तीन सेट परत निघाले, आणि त्या शुक्रवारी दहा किलो, आठ-आठ-आठ. आठव्या आठवड्यात बुधवारी त्याच दहा किलोच्या नऊ-नऊ-नऊ.

हिशेब असा: 24 पैकी 20 सत्रं झाली, त्यातलं एक लहान. एक अख्खा आठवडा कोरा गेला आणि तरीही बैठकेचं वजन एक पायरी वर गेलं.

आठ आठवड्यांनी तुमची वही अशीच मोजा. 18 किंवा जास्त सत्रं झाली असतील, तर हीच आखणी पुढे चालू ठेवा आणि सत्र ब मध्ये पुलडाउनसारखी आणखी एक ओढण्याची हालचाल घाला. 12 ते 17 झाली असतील, तर काहीही वाढवू नका, फक्त कुठला वार सारखा चुकतो ते शोधून तो बदला. 12 पेक्षा कमी झाली असतील, तर तीन सत्रं तुमच्या कामाच्या रगाड्यात बसत नाहीत. सोमवार-गुरुवार अशी दोनच ठेवा, एकदा अ, एकदा ब, बाकी सगळे नियम तेच.